पाच चॅट उघड्या असताना सगळ्यात जास्त वेळ कोण थांबलंय, हे कसं ओळखायचं?

"ताई, मी विश्रामबागेत एका ऑनलाइन दुकानाच्या चॅटवर दोन महिन्यांपासून आहे. आम्ही फवारणी पंप आणि ठिबकचं सामान विकतो. सकाळी एकदम पाच-सहा चॅट उघड्या राहतात. मी वरून खाली उत्तरं देत जातो, तरी रोज कुणीतरी एकजण अर्धा तास तसाच राहतो आणि मग फोन करून बोलतो. सगळ्यात जास्त वेळ कोण थांबलंय हे पटकन कसं ओळखायचं?"

वरून खाली जातोस, तिथंच गाडी अडते. बहुतेक चॅट सॉफ्टवेअरमध्ये यादी आपण हात लावेपर्यंत 'शेवटची हालचाल कुठं झाली' या क्रमानं लागलेली असते. ज्यानं आत्ता मेसेज टाकला तो वर. म्हणजे दर मिनिटाला 'हॅलो', 'आहे का कोणी' टाकणारा कायम वरच राहतो. ज्यानं एकदाच नीट सगळं लिहिलं, फोन खिशात ठेवला आणि बागेत कामाला लागला, तो बिचारा खाली खाली सरकत जातो. तुझा अर्धा तास राहिलेला माणूस रोज हाच असणार.

आता 'थांबलाय' म्हणजे कधीपासून, हे आधी पक्कं करू. तू त्या माणसाला शेवटचं उत्तर दिलंस, त्यानंतर त्यानं जो पहिला मेसेज टाकला, त्या मेसेजपासून घड्याळ चालू होतं. पहिला, शेवटचा नव्हे. त्यानं ११.०० ला विचारलं, ११.०४ ला 'सर?' लिहिलं आणि ११.०९ ला प्रश्नचिन्हं टाकली, तर ११.१० ला तो दहा मिनिटं थांबलेला आहे. यादीत मात्र त्याच्यासमोर '१ मिनिट' दिसतं, कारण यादी शेवटचा मेसेज मोजते.

मी सांगलीतच नऊ वर्षं चॅट बघते आणि आमच्याकडंही शेतीचंच सामान असतं, म्हणून माझ्याच एका सकाळचं उदाहरण देते. वेळा माझ्या वहीतल्या आहेत. ऑक्टोबर महिना, फळछाटणी झालेली, रात्री पाऊस पडून गेलेला. द्राक्षवाल्यांची अशा सकाळी डाऊनी रोगाच्या भीतीनं फवारणीची घाई असते, हे तुला सांगायला नको. ११.२० वाजता मी एका ग्राहकाचा फोन ठेवला आणि स्क्रीनकडं पाहिलं. पाच चॅट उघड्या होत्या. वरून खाली अशा:

सगळ्यात वर कवठेमहांकाळचे दादा. शेवटचा मेसेज ११.१९ ला, 'कोण हाय का नाही??'. त्यांचा पहिला अनुत्तरित मेसेज ११.१४ चा. मध्ये चार मेसेज.

त्याखाली पलूसचे. मी ११.१७ ला सांगितलं होतं की पार्सल उद्या पोचेल, त्यावर ११.१८ ला 'बरं, आभारी आहे'. लाल ठिपका तसाच.

तिसरे तासगावचे. मी ११.०५ ला नोझलचा फोटो मागितला होता. त्यांनी ११.०६ ला पाठवला. मी ११.०७ ला उघडून बघितला, तेवढ्यात फोन वाजला आणि ते राहिलं. उघडल्यामुळं ठिपका गेलेला, आणि यादीत मजकुराच्या जागी फक्त 'Image' एवढंच.

चौथे जतचे. १०.५२ ला त्यांनी लिहिलं होतं की यूपीआयवरून पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही. मी १०.५५ ला उत्तर दिलं, 'अकाउंट्सला विचारून सांगते, दहा मिनिटं द्या'. त्यांनी पुढं काहीच लिहिलं नाही.

सगळ्यात खाली मिरजेचे. चॅट ९.४० ला सुरू झालेली. मी १०.३० ला ऑर्डर नंबर विचारला होता, त्यांच्याकडून अजून उत्तर नाही.

आता बघ, प्रत्येक घड्याळ वेगळा माणूस दाखवतं. यादीच्या क्रमानं गेलं तर कवठेमहांकाळ. चॅट किती वेळ उघडी आहे ते बघितलं तर मिरज, एक तास चाळीस मिनिटं. पण मिरजेचे थांबलेले नाहीत, मीच त्यांच्यासाठी थांबले आहे. यादी उलटी केली, म्हणजे जुनी हालचाल आधी, तरी मिरजच वर येतं आणि कवठेमहांकाळ तळाला जातं, कारण त्यांचा शेवटचा मेसेज सगळ्यात ताजा. ही उलटी यादी अनेकजण बिनधास्त वापरतात. तिच्यात सारखं विचारणारा माणूस प्रत्येक मेसेजला स्वतःलाच मागं ढकलत असतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खास क्रम असतो. इंटरकॉममध्ये त्याचं नाव `Waiting longest` आहे. तुमच्याकडं असा क्रम असेल तर आजच लाव, कारण तो पहिल्या अनुत्तरित मेसेजपासून मोजतो. त्या दिवशी तसा क्रम असता तर तासगाव वर आलं असतं, चौदा मिनिटं, त्याखाली कवठेमहांकाळ सहा मिनिटं, मग पलूस दोन मिनिटं. पलूसला उत्तराची गरजच नव्हती, पण यंत्राला 'आभारी आहे' आणि प्रश्न यातला फरक कळेलच असं नाही. अशी चॅट तिथंच बंद कर, नाहीतर ती दिवसभर रांगेत उभी राहून तुझी नजर खात राहते.

पण खरं सगळ्यात जास्त कोण थांबलेलं? जतचे. १०.५२ पासून, अठ्ठावीस मिनिटं. आणि ते कुठल्याच क्रमात नीट दिसत नाहीत, कारण शेवटचं मी बोलले होते. सॉफ्टवेअरच्या हिशेबी उत्तर दिलं गेलं, घड्याळ शून्यावर आलं. मी दहा मिनिटं मागितली होती, ती ११.०५ ला संपली. तिथून पुढं ते माझ्या शब्दावर बसून होते. ज्याचे पैसे अडकलेत आणि तरी जो गप्प बसलाय, तोच पुढं फोन करून बोलतो, आणि त्याचं चुकत नाही.

म्हणून मी तीन प्रश्न विचारते, प्रत्येक चॅटला, याच क्रमानं. शेवटचं कोण बोललं? तो बोलला असेल, तर माझ्यानंतरचा त्याचा पहिला मेसेज किती वाजताचा? आणि मी बोलले असेन, तर मी काही कबूल करून बसले आहे का? हा शेवटचा प्रश्न सॉफ्टवेअर विचारत नाही, तो आपल्यालाच विचारावा लागतो.

कबूल केलेल्या वेळेसाठी मी वही ठेवते. साधी, चौकटीची. एका ओळीत तीन गोष्टी: गाव किंवा ऑर्डर नंबर, मूळ प्रश्न किती वाजता आला, आणि मी कुठली वेळ दिली. जतची ओळ होती 'जत, १०.५२, ११.०५'. काम झालं की ओळ खोडायची. तुमच्याकडं चॅट स्नूझ करायची सोय असेल तर ती त्याहून बरी. 'थांबा' लिहिलंस की त्याच क्षणी तेवढ्या वेळेचं स्नूझ लाव, वेळ झाली की चॅट आपोआप परत वर येते. पण स्नूझ नेमकं दिलेल्या वेळेचं लावू नकोस, दोन-तीन मिनिटं आधीचं लाव, म्हणजे शब्द पाळायला हातात वेळ राहतो. त्या दिवशी मी वहीत लिहिलं होतं, स्नूझ लावलं नव्हतं, आणि फोनवर असताना वहीकडं बघितलं नाही.

आता ११.२० ला मी काय केलं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त थांबलेला सापडला म्हणजे त्याचंच काम शेवटपर्यंत करत बसायचं असं नाही. जतला आधी लिहिलं: 'दादा, उशीर झाला, माफ करा. अकाउंट्सकडून अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर दिसेल, तो पाठवा, म्हणजे पैसे आमच्यापर्यंत आलेत का ते लगेच शोधता येईल. ११.४५ ला मी इथंच परत लिहिते.' चाळीस सेकंद लागले असतील. हा नंबर मी १०.५५ लाच मागायला हवा होता. तो हातात नसताना अकाउंट्सला विचारणं म्हणजे गवतात सुई शोधायला सांगणं, आणि माझी दहा मिनिटं त्यातच गेली होती. पैसे अडकल्याची चॅट आली की यूटीआर, रक्कम आणि वेळ हे तीन पहिल्याच उत्तरात माग.

यूपीआयच्या बाबतीत एक गोष्ट ग्राहकाला सांगण्यासारखी आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानाला पैसे आल्याची खूण मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते पैसे आपोआप परत जायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे कळलं की माणूस शांत होतो, कारण त्याला नुसतं 'बघतो' याऐवजी एक तारीख मिळते. मात्र पैसे आपल्याकडं पोचलेलेच असतील तर हा नियम सांगून त्याला बँकेकडं पाठवू नकोस. आधी शोध, मग सांग.

जतनंतर रांगेप्रमाणे तासगावची पाळी होती. तरी मी कवठेमहांकाळ आधी घेतलं, आणि त्यांच्या प्रश्नचिन्हांमुळं नाही. वर सरकून त्यांचा ११.१४ चा पहिला मेसेज वाचला: 'टाकीत औषध कालवून ठिवलंय, पंप प्रेशर धरंना झालाय.' माणूस बागेत उभा, औषध कालवलेलं, आणि ते त्याच दिवशी मारायला हवं. इथं सहा मिनिटं आणि चौदा मिनिटं ही तुलना चालत नाही. तासगावला एक ओळ टाकली, 'फोटो मिळाला, मॉडेल ओळखून पाच मिनिटांत सांगते', आणि कवठेमहांकाळला विचारलं की ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी तुंबली आहे का, आणि त्या पाइपच्या जोडातून हवा तर ओढत नाही ना. जाळीच होती, पानाचा चोथा बसलेला. पहिला मेसेज न वाचता मी शेवटच्या 'कोण हाय का नाही'ला उत्तर दिलं असतं, तर 'नमस्कार, काय मदत करू?' लिहून त्यांचा सगळा प्रश्न पुन्हा मागितला असता. हे नवीन मुलामुलींकडून फार होतं. चॅट उघडली की ती आपोआप तळाला जाते. तिथून आपल्या शेवटच्या उत्तरापर्यंत वर सरकायचं आणि खाली वाचत यायचं.

रांग मोडायची तर एका वेळी एकासाठीच, आणि कारण त्याच्या मजकुरात असायला हवं: पैसे, बिघाड, किंवा आज निघणारं पार्सल. आवाज मोठा म्हणून नाही. आणि ते एक झालं की परत जुन्यात जुन्याकडं. तासगावला नोझलचं उत्तर ११.२७ ला गेलं. एकवीस मिनिटं झाली होती, पण मधल्या ओळीमुळं त्यांना माहीत होतं की फोटो कुणीतरी बघितलाय.

ही मधली ओळ जपून वापर. ती ग्राहकाला खरंच धीर देते, आणि त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं घड्याळ शून्यावर आणते. म्हणजे ज्या क्षणी तू 'थांबा' म्हणतोस, त्या क्षणी तो माणूस तुझ्या यादीतून दिसेनासा होतो. बिनवेळेचं 'कृपया प्रतीक्षा करा' सगळ्यात वाईट, कारण त्यात ना त्याला वेळ कळते, ना तुला वहीत लिहायला काही राहतं. एका प्रश्नाला अशी ओळ एकदाच. दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर तिच्यात काहीतरी नवं असायला हवं, जतच्या वेळी यूटीआर मागितला तसं. काही ठिकाणी यंत्र स्वतःहूनच 'आम्ही लवकरच उत्तर देऊ' पाठवतं आणि त्यानंही घड्याळ पुसलं जातं. तुमच्याकडं तसं होतं का ते तपासायला सोपं आहे: स्वतःच्या फोनवरून दुकानाला मेसेज टाक, आपोआप उत्तर येऊ दे, आणि एजंटच्या स्क्रीनवर तुझी चॅट अजून 'थांबलेली' दिसते का ते बघ. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर आपल्या यादीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

ठिपक्याचंही तसंच. ठिपका म्हणजे 'न वाचलेलं'. त्याचा अर्थ 'न उत्तर दिलेलं' असा नाही. मला हे कळायला एक ग्राहक गमवावा लागला. पहिल्या वर्षी एका ताईंची चॅट मी उघडली, वाचली, 'जेवून आल्यावर सविस्तर लिहिते' असं मनात म्हटलं आणि उठले. परत आल्यावर ठिपका नाही, म्हणजे काम नाही. दोन तास दहा मिनिटं त्या थांबल्या, मग ऑर्डर रद्द केली. तेव्हापासून उत्तर न देता चॅट सोडायची वेळ आली तर मी ती हातानं पुन्हा 'न वाचलेली' करून ठेवते. आणि फोटो किंवा आवाजी मेसेजची ओळ मजकुराच्या ओळीइतकी डोळ्यांत भरत नाही, म्हणून यादी बघताना अशा ओळींवर मुद्दाम थांब.

वेळ वाचतानाही फसगत होते. काही यादीत '1h' एवढंच लिहिलेलं असतं. तो साठ मिनिटंही असू शकतो आणि एकशे एकोणीसही. दोन चॅट समोर '1h' असेल तर वेळेवर माउस नेऊन धर, बहुतेक ठिकाणी नेमकी वेळ दिसते. रिपोर्ट उतरवून घेतलास आणि त्यात जतचा मेसेज ०५.२२ ला आलेला दिसला तर घाबरू नकोस, ती जागतिक प्रमाणवेळ आहे. साडेपाच तास मिळवले की आपले १०.५२.

आता हे सगळं किती वेळा बघायचं? प्रत्येक 'टिंग'ला नाही, तसं केलंस तर तू पुन्हा आवाज करणाऱ्याच्याच मागं लागशील. एक उत्तर पाठवलं की पुढची चॅट उघडायच्या आधी, त्या मधल्या क्षणात, यादी आणि वही एकदा खालपासून वर बघायची. खालपासून, कारण विसरलेले खालीच असतात. पाच-सहा चॅटना दहा-पंधरा सेकंद पुरतात. आणि फोन, चहा, जेवण असं काहीही मध्ये आलं की परत बसल्यावर आधी ही नजर फिरवायची, मग टायपिंग.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या चॅटला आणखी एक मर्यादा आहे. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर चोवीस तासच आपल्याला मनासारखं लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले ठरावीक मेसेजच जातात. 'अकाउंट्स उद्या सांगतील' असं ज्याला सांगितलंस, त्याचा शेवटचा मेसेज आज १०.५२ चा असेल तर उद्या १०.५२ च्या आत त्याला लिहायलाच हवं, उत्तर अर्धवट असलं तरी. वहीत अशा ओळीला मी गोल करते. वेबसाइटवरच्या चॅटमध्ये उलटी अडचण, माणूस पान बंद करून निघून जातो, म्हणून उत्तराला वेळ लागणार असं दिसलं की पहिल्यांदा फोन नंबर घे.

एक हिशेब मात्र क्रम लावून बदलत नाही. खरोखर थांबलेले सहाजण असतील आणि प्रत्येकाच्या उत्तराला चार मिनिटं लागत असतील, तर कुठल्याही क्रमानं गेलास तरी शेवटच्याला उत्तर मिळेपर्यंत चोवीस मिनिटं होणारच. मला स्वतःला तीन चालू संभाषणं नीट झेपतात. पाच तेव्हाच, जेव्हा त्यातली दोन मिरजेसारखी ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत असतात. म्हणून मदत मागताना 'माझ्याकडं सहा चॅट आहेत' असं सांगू नकोस. 'चारजण थांबलेत, सगळ्यात जुना १०.५२ पासून' असं सांग. हे ऐकलं की समोरच्याला काय उचलायचं ते लगेच कळतं.

आणि चॅट दुसऱ्याकडं देताना आतल्या नोंदीत मूळ वेळ लिही: '१०.५२ पासून थांबलेत, ११.४५ चा शब्द दिलाय, यूटीआर आलाय.' चॅट हस्तांतरित झाली की काही सॉफ्टवेअरमध्ये ती नव्या माणसाच्या यादीत आत्ताच आल्यासारखी दिसते. जतच्या दादांची चॅट मी ११.४० ला अकाउंट्सच्या सहकाऱ्याकडं दिली ती ही ओळ लिहूनच. पैसे आमच्याकडं पोचलेले होते, ऑर्डर तयार व्हायची राहिली होती. त्यानं ती बनवली आणि ११.४४ ला त्यांना ऑर्डर नंबर गेला. मी वहीतली ओळ खोडली.